हयातभराच्या पेन्शनची आजची किंमत

नोव्हेंबर उजाडला की बँकांमध्ये पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. कुणी अंगठा टेकवतं, कुणी सही करतं, कुणी मोबाइलवर चेहरा दाखवतं. विचारलेला प्रश्न मात्र सगळ्यांना एकच असतो: तुम्ही आहात ना? उत्तर 'हो' असेल तर पुढचे हप्ते चालू राहतात, नाहीतर थांबतात.

मरेपर्यंत मिळणाऱ्या पेन्शनमध्ये हप्ता किती, हे ठरलेलं असतं. हप्ते किती, हे कुणालाच माहीत नसतं. तरीही कुणालातरी आज एक आकडा सांगावाच लागतो. तुम्ही विमा कंपनीला दहा लाख रुपये देऊन हयातभराची ॲन्युइटी घेता, तेव्हा कंपनीने त्या न मोजता येणाऱ्या हप्त्यांची किंमत केलेली असते. सरकारी नोकर निवृत्त होताना पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतो, त्याला आपल्याकडे अंशराशीकरण म्हणतात. तिथेही अशी किंमत झालेली असते. ती कशी होते, हे समजून घ्यायला चार आकडी गुणाकार आणि एक यादी पुरते. यादीत एवढंच हवं की अमुक वयाच्या इतक्या माणसांपैकी पुढच्या प्रत्येक वर्षी किती जण हयात राहिले.

अशी वापरण्याजोगी यादी पहिल्यांदा ज्या शहराच्या नोंदींवरून तयार झाली, ते ब्रेस्लाऊ. आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याचं नाव व्रोत्स्वाफ. तिथला धर्मगुरू कास्पर नॉयमान याने १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी मृतांच्या वयासह गोळा केल्या. हे कागद लंडनच्या रॉयल सोसायटीत पोहोचले आणि एडमंड हॅलीच्या हाती पडले. हा तोच धूमकेतूवाला हॅली. त्याला लंडनचे आकडे नको होते, कारण लंडनमध्ये बाहेरगावाहून माणसं येत राहायची आणि तिथेच मरायची. शिवाय तिथे मृताचं वयही लिहून ठेवत नसत. ब्रेस्लाऊत ये-जा कमी होती. या आकड्यांवरून हॅलीने १६९३ मध्ये एक तक्ता छापला. एक वर्षाची १००० मुलं धरली, तर ६० व्या वर्षी त्यांतले २४२ उरतात, ७० व्या वर्षी १४२, ८० व्या वर्षी ४१. त्याच निबंधात त्याने दुसरा तक्ता दिला: कोणत्या वयाच्या माणसाला मरेपर्यंत दरवर्षी एक पौंड द्यायचा झाला, तर त्याची आजची किंमत काय.

सत्तर वर्षांच्या माणसासाठी त्याचं उत्तर होतं ५.३२. म्हणजे वर्षाला १०० रुपये मरेपर्यंत हवे असतील, तर आज ५३२ रुपये मोजावे. हा आकडा कसा आला ते आपणच करून पाहू. सत्तरीच घेऊ, कारण साठीपेक्षा बेरीज लवकर संपते.

समजा, सत्तर वर्षांचे १४२ जण आहेत आणि प्रत्येकाला वर्षाच्या शेवटी हयात असल्यास १०० रुपये द्यायचे आहेत. हॅलीच्या तक्त्याप्रमाणे वर्षभराने १३१ जण उरतात. त्यांना १३,१०० रुपये लागतील. पण ते आज नको, वर्षाने हवेत. हॅलीने व्याज ६ टक्के धरलं होतं. आज १२,३५८ रुपये ठेवले, तर वर्षाने त्याचे १३,१०० होतात. म्हणून पहिल्या हप्त्याची आजची किंमत १२,३५८. दुसऱ्या वर्षी १२० जण उरतात, लागतील १२,००० रुपये. दोन वर्षांचं चक्रवाढ व्याज वजा केलं की आज १०,६८० पुरतात. पाचव्या वर्षी ८८ जण आणि ८,८०० रुपये, आजचे ६,५७६. दहाव्या वर्षी ४१ जण आणि ४,१०० रुपये, पण त्यासाठी आज फक्त २,२८९ बाजूला ठेवले की झालं. चौदाव्या वर्षी, वयाच्या ८४ व्या वर्षी, २० जण उरले. त्यांच्या २,००० रुपयांसाठी आज ८८५.

चौदा वर्षांचे असे चौदा आकडे बेरजेत घेतले की ७०,५२४ रुपये होतात. १४२ जणांत वाटले तर प्रत्येकी ४९७ रुपये पडतात. ८४ च्या पुढच्यांची हॅलीने वर्षवार यादी दिली नाही, शंभरीपर्यंतच्या सगळ्यांचा मिळून १०७ हा एकच आकडा दिला. त्या थोडक्या पण चिवट म्हाताऱ्यांचे हप्ते मिळवल्यावर तो ५३२ च्या जवळपास जातो.

पद्धत एवढीच. प्रत्येक हप्त्याला दोनदा कातरायचं. एकदा व्याजाने, कारण तो उशिरा द्यायचा आहे. दुसऱ्यांदा हयात असण्याच्या शक्यतेने, कारण तो कदाचित द्यावाच लागणार नाही. पाचव्या वर्षाच्या १०० रुपयांचे व्याजाने आज ७४.७३ होतात. १४२ पैकी ८८ जगतात, म्हणजे शक्यता ६२ टक्के, म्हणून ते ४६.३१ वर येतात. असे सगळे हप्ते मांडून बेरीज करायची. विमागणिती, म्हणजे ॲक्च्युअरी, हेच एका ओळीत लिहितात:

a = v·p₁ + v²·p₂ + v³·p₃ + …

यात v म्हणजे वर्षानंतर मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत (६ टक्क्यांना ०.९४३४) आणि p₁, p₂ म्हणजे एक, दोन वर्षांनी हयात असण्याची शक्यता. शेवटच्या टिंबांचा अर्थ, तक्त्यातला शेवटचा माणूस जाईपर्यंत.

इथे हुशार माणसंही एक आडवाट पकडतात. ते म्हणतात, इतका खटाटोप कशाला? सत्तरीनंतर माणूस सरासरी किती वर्षं जगतो ते पाहा आणि तितक्या वर्षांच्या हप्त्यांची किंमत काढा. करून पाहू. हॅलीच्या तक्त्यात १४२ जणांना मिळून, शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत, सुमारे १,०५२ हप्ते द्यावे लागतात. माणशी सरासरी ७.४. आता ७.४ वर्षं नक्की मिळणाऱ्या १०० रुपयांची किंमत ६ टक्क्यांनी काढली तर ती ५८४ च्या आसपास येते. खरी किंमत ५३२. म्हणजे सरासरी वापरली की जवळपास दहा टक्के जास्त पैसे मोजले जातात.

चूक व्याजात आहे. कुणी दोन वर्षांतच गेला, तर कंपनीचे वाचलेले हप्ते जवळच्या वर्षांचे असतात आणि जवळचा रुपया आज महाग असतो. कुणी वीस वर्षं जगला, तर जादा द्यावे लागणारे हप्ते लांबचे असतात आणि लांबचा रुपया आज स्वस्त असतो. सरासरी काढताना आपण दोघांना सारखंच वजन देतो, म्हणून लवकर जाणाऱ्यांमुळे होणारी बचत कमी मोजली जाते. व्याज शून्य असतं तर मात्र दोन्ही रीतींनी एकच उत्तर आलं असतं, ७४१ रुपये.

आता हेच ५३२ रुपये एकट्या माणसाने बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले आणि दरवर्षी १०० काढले तर? सहा पूर्ण हप्ते मिळतील आणि सातव्या वर्षी, वयाच्या ७७ व्या वर्षी, खातं रिकामं होईल. हॅलीच्या तक्त्यात ७७ व्या वर्षी १४२ पैकी ६८ जण हयात असतात. म्हणजे जवळजवळ निम्म्यांकडे जगणं शिल्लक आणि पैसा संपलेला. तरी १४२ जणांनी एकत्र येऊन तेवढेच ५३२ रुपये दिले, तर शेवटच्या माणसापर्यंत पुरतात. हा जादा पैसा कुठून आला?

पहिल्या वर्षाचा हिशेब केला की तो दिसतो. १४२ जणांचे मिळून ७५,५४४ रुपये. वर्षभराच्या व्याजाने ८०,०७७. त्यातून १३१ हयात जणांना १३,१०० दिले. उरले ६६,९७७. हे १३१ जणांचे, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला ५११ रुपये. बँकेत एकट्याने पैसे ठेवलेल्याकडे तेव्हा ४६४ असतात. मधले ४७ रुपये व्याजाचे नव्हेत. त्या वर्षी गेलेल्या अकरा जणांनी मागे ठेवलेल्या पैशाचा तो वाटा आहे. हयातभराच्या पेन्शनमध्ये दरवर्षी असंच होतं, आणि वय वाढेल तसा हा वाटा मोठा होत जातो. ऐंशीच्या पुढे तो व्याजाला कितीतरी मागे टाकतो. ऐकायला कठोर वाटेल, पण ज्यांना ही गोष्ट पटत नाही त्यांनी ॲन्युइटी घेऊ नये असंच मी म्हणेन, कारण त्यांना मिळणारा फायदा मुख्यतः हाच आहे.

हॅली हे गणित मांडत होता त्याच सुमारास इंग्लंडचं सरकार फ्रान्सशी लढायला पैसा उभा करत होतं. शंभर पौंड द्या, हयातभर वर्षाला चौदा पौंड घ्या. वय कोणतंही असो, भाव एकच. म्हणजे वार्षिक हप्त्याच्या सुमारे सातपट. हॅलीच्या तक्त्यात पाच वर्षांच्या मुलाच्या ॲन्युइटीची किंमत हप्त्याच्या १३.४० पट होती, साठीच्या माणसाची ७.६० पट, पासष्टीच्या माणसाची ६.५४ पट. साठीच्या माणसाला सरकारचा भाव बराचसा रास्त पडत होता, पासष्टीचा नुकसानीत जात होता आणि मुलांच्या नावे पैसे टाकणारे लुटत होते. हॅलीने आपल्या निबंधात हे स्पष्ट लिहिलं: सात वर्षांच्या भावाने जे विकलं जातंय, ते तरुण आयुष्यांसाठी तेरा वर्षांच्या वर मोलाचं आहे.

सरकारांनी त्याकडे बराच काळ लक्ष दिलं नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच राजसत्ता अशाच सरसकट भावाने, हप्त्याच्या दहापट किमतीला, ॲन्युइटी विकत होती. पेन्शन ज्याच्या आयुष्यावर चालणार तो माणूस आणि पैसे घेणारा माणूस वेगळे असले तरी चालत होतं. जिनिव्हाच्या सावकारांनी यातलं मर्म ओळखलं. चांगल्या घरातल्या, देवी येऊन गेलेल्या, डॉक्टरांनी तपासून निवडलेल्या तीस लहान मुलींच्या नावावर त्यांनी पैसे गुंतवले आणि त्यातले हिस्से लोकांना विकले. देवीतून वाचलेल्या मुलीला पुन्हा देवी येत नाही, म्हणजे लहानपणचा सगळ्यात मोठा धोका मागे पडलेला. लहान मुलगी आजारी पडली की अख्ख्या शहराला चिंता लागायची, कारण कितीतरी घरांचा पैसा तिच्या श्वासांवर होता.

त्यांचं हयातीचं गणित बिनचूक होतं. मुली जगल्या. बुडाला तो पैसा देणारा. क्रांतीनंतर फ्रान्सने हे हप्ते कागदी चलनात द्यायला सुरुवात केली, त्या कागदाची किंमत कोसळली आणि जिनिव्हाच्या पेढ्या बसल्या. वरच्या सूत्रात p आहे, v आहे, पण देणारा टिकेल का आणि त्याचा रुपया टिकेल का, यासाठी कुठलंच अक्षर नाही. आपल्याकडच्या बहुतेक ॲन्युइटी योजनांमध्ये हप्ता आयुष्यभर तेवढाच राहतो, तो महागाईप्रमाणे वाढत नाही. सरकारी पेन्शनला महागाई भत्ता असतो. गणितात हा फरक मोठा आहे. पेन्शन दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढणार असेल आणि व्याज ८ टक्के असेल, तर किंमत काढताना जणू ३ टक्क्यांहून कमी व्याज धरावं लागतं. व्याज जितकं कमी, तितके लांबचे हप्ते जड आणि किंमत जास्त. म्हणून पहिल्या महिन्याचा हप्ता सारखाच दिसला तरी महागाई भत्त्याची पेन्शन आणि न वाढणारी पेन्शन एका किमतीच्या नसतात. जुन्या आणि नव्या पेन्शनच्या भांडणात हा मुद्दा आकड्यांसह मांडलेला मी फारसा पाहिलेला नाही.

दुसरी अडचण तक्त्याची. ब्रेस्लाऊचा तक्ता सगळ्या शहराचा होता. पण ॲन्युइटी घ्यायला शहरातले सगळे येत नाहीत. ज्याला आपण फार दिवसांचे सोबती नाही असं वाटतं, तो मरेपर्यंतच्या पेन्शनसाठी एकरकमी पैसे कशाला देईल? येतात ते धडधाकट, खात्यापित्या घरचे, ज्यांचे आईवडील नव्वदीपर्यंत जगले असे. ब्रिटिश सरकारने १८०८ पासून पुन्हा ॲन्युइटी विकल्या, या वेळी वयाप्रमाणे भाव लावून. पण तक्ता घेतला नॉर्दम्प्टन गावाचा आणि त्यात मृत्यूचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त होतं. विकत घेणारे तक्त्यापेक्षा पुष्कळ जास्त जगू लागले. सरकारचा ॲक्च्युअरी जॉन फिन्लेसन याने विकलेल्या ॲन्युइटींच्याच नोंदी चाळून हे दाखवून दिलं, तोवर बरीच वर्षं तोटा झालेला होता.

असा तोटा कसा ओळखायचा? तक्त्याप्रमाणे या वर्षी किती पेन्शनर जायला हवे होते आणि प्रत्यक्षात किती गेले, ही तुलना दरवर्षी करायची. शंभर अपेक्षित आणि ऐंशीच झाले, असं दोन-चार वर्षं दिसलं की भाव चुकला आहे. आयुर्विमा विकणाऱ्याला हेच चित्र नफ्याचं असतं. म्हणून भारतातही दोन वेगळे तक्ते वापरतात. आयुर्विम्यासाठी विमाधारकांच्या मृत्यूंवरून बनवलेला वेगळा आणि ॲन्युइटीसाठी पेन्शन घेणाऱ्यांच्या अनुभवावरून बनवलेला वेगळा. ॲन्युइटीचा सध्याचा तक्ता २०१२ ते २०१५ च्या अनुभवावर आहे.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येऊ. विमा कंपनीचा ॲन्युइटीचा दरपत्रक उघडला की पर्यायांची लांब यादी दिसते, आणि आपल्याकडे पुष्कळ लोकांची नजर एकाच ओळीवर थांबते: मरेपर्यंत पेन्शन आणि मृत्यूनंतर मूळ रक्कम वारसाला परत. मुलांना काहीतरी राहील, ही भावना त्यामागे असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण त्या ओळीतले आकडे एकदा आडवे वाचून पाहावेत. पन्नाशीच्या माणसाला मिळणारी पेन्शन आणि सत्तरीच्या माणसाला मिळणारी पेन्शन जवळजवळ सारखीच असते. मूळ रक्कम परत न करणाऱ्या ओळीत मात्र वय वाढेल तशी पेन्शन झपाट्याने वाढते.

हे असं का, ते वरच्या गणितातून लगेच दिसतं. मूळ रक्कम परत द्यायचीच असेल, तर गेलेल्या अकरा जणांचा पैसा उरलेल्यांत वाटता येत नाही. तो त्यांच्या वारसांकडे जातो. कंपनीकडे वाटायला उरतं ते फक्त व्याज. मग तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी जा की पंच्याण्णवाव्या, कंपनीला एवढंच करायचं आहे की दरवर्षी व्याज द्यायचं आणि शेवटी मुद्दल. मृत्यू केव्हा येईल यावर फक्त मुद्दल परत करण्याची तारीख ठरते. हयातीची शक्यता बेरजेतून जवळजवळ पूर्णपणे गळून पडते. म्हणजे हा पर्याय घेणारा माणूस खरं तर न मोडता येणारी मुदत ठेव घेतो, जिचं व्याज आयुष्यभरासाठी ठरून गेलेलं असतं. ते ठरलेलं व्याज हवं असेल तर घ्यावा. पण 'मरेपर्यंत पेन्शन' या शब्दांत जो खरा जोर आहे, तो या पर्यायात नसतो. पतीनंतर पत्नीला पेन्शन चालू राहणारा पर्याय वेगळा. तिथे हप्ता मिळण्याची अट 'दोघांपैकी कुणीतरी हयात' अशी बदलते, शक्यता वाढते, म्हणून हप्ता कमी होतो. पण गेलेल्यांचा पैसा उरलेल्यांत वाटण्याची यंत्रणा तिथे शाबूत राहते. मुलं कमावती झाली असतील तर माझ्या मते हा पर्याय जास्त विचारात घ्यायला हवा.

राहिलं अंशराशीकरण. केंद्र सरकारचा नोकर साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तेव्हा पेन्शनच्या ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो. गुणक असतो पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा, म्हणजे ६१ चा: ८.१९४. पेन्शन महिना ५०,००० असेल आणि २०,००० विकले, तर वर्षाचे २,४०,००० गुणिले ८.१९४, म्हणजे १९,६६,५६० रुपये हातात येतात. हे कोष्टक २००८ पासूनचं आहे. त्याचा पाया आहे ८ टक्के व्याज आणि एलआयसीचा १९९४-९६ चा मृत्यूतक्ता.

हा गुणक हयातभराचा वाटतो, पण तसा नाही. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८६ च्या निकालापासून हे ठरलेलं आहे. म्हणजे सरकार विकत घेतं ते पंधरा वर्षांपुरते, हयात असेपर्यंतचे हप्ते. कोष्टकातूनही हे ताडून पाहता येतं. आजपासून सुरू होणारे, वर्षाला एक रुपयाचे पंधरा नक्की हप्ते ८ टक्क्यांनी ९.२४ ला पडतात. कोष्टकात विसाव्या वर्षाचा गुणक आहे ९.१८८. विशीत मृत्यू फार थोडे, म्हणून कात्री किंचित. हयातभराची किंमत असती तर विशीत हा आकडा बाराच्या वर गेला असता. एकसष्टीला मात्र पंधरा वर्षांत बरेच जण जातात, म्हणून ९.२४ वरून ८.१९४.

आता निवृत्तांच्या कट्ट्यावरचा आणि काही वेळा न्यायालयापर्यंत गेलेला वाद पाहू. म्हणणं असं की सरकारने दिलेले पैसे अकरा वर्षांतच वसूल होतात, मग पंधरा वर्षं कपात का? मी हिशेब केला. दरमहा कपात धरून ८ टक्के व्याजाने एका माणसाचे पैसे तेरा वर्षांत फिटतात, ७ टक्क्यांनी बारा आणि ६ टक्क्यांनी अकराच्या थोडे पुढे. म्हणजे 'अकरा वर्षां'च्या मागे ६ टक्के व्याज दडलेलं आहे, पण गुणक मात्र ८ टक्क्यांचा घेतलेला आहे. एका हिशेबात दोन व्याजदर चालत नाहीत. आणि ८ टक्क्यांनीही तेरा ते पंधरा या दोन वर्षांचं काय? कुणी निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी गेला, तर उरलेली रक्कम सरकार कुटुंबाकडून मागत नाही. कुटुंबनिवृत्तिवेतनातूनही ती कापली जात नाही. ती भरून येते ती जे पंधरा वर्षं जगतात त्यांच्या या दोन वर्षांतून.

पेन्शनरांची तक्रार मात्र दुसऱ्या ठिकाणी खरी आहे. १९९४-९६ नंतर साठीच्या पुढची माणसं जास्त जगू लागली आहेत. त्यामुळे आज नव्या तक्त्याने गुणक काढला, तर तो ८.१९४ च्या वर जाईल आणि विकलेल्या त्याच २०,००० रुपयांचे हातात जास्त पैसे येतील. मागायचंच असेल तर ते मागावं, पंधराची अकरा वर्षं नव्हेत.